कोकमाच्या बाटलीचं मार्केटिंग ऑडिट: घरची तपासणी, बाजारची तपासणी आणि त्यातून निघालेली वर्षाची योजना

आम्ही कुडाळ तालुक्यात घरच्या आणि शेजारच्या बागांतले रातांबे घेऊन अमृत कोकम, आगळ आणि सोलं करतो. नऊ वर्षं झाली. पहिली सात वर्षं आमची ‘मार्केटिंगची योजना’ म्हणजे गेल्या वर्षी जे केलं तेच थोडं जास्त करायचं, एवढीच होती. मग एका वर्षी विक्री वाढली, पण मे महिन्यात रातांबे आणि साखर घ्यायला हातात पैसे नव्हते. तेव्हा पहिल्यांदा नीट बसून ऑडिट केलं. ते करताना कुठे कुठे अडखळलो, काय चुकीचं मोजलं आणि शेवटी त्यातून योजना कशी लिहिली, ते इथे क्रमाने सांगते. आकडे आमच्याच वहीतले आहेत. तुमचे वेगळे असतील, पण कोकम, काजू, आंबापोळी, फणसपोळी, मसाले, काहीही करत असाल तरी हाच क्रम चालेल.

आधी एक गैरसमज दूर करते. हे सीएकडचं ऑडिट नव्हे. सीए हिशेब बरोबर आहे का ते बघतात. मार्केटिंग ऑडिटमध्ये आपण कोणता माल, कोणाला, कुठून, कोणत्या भावाने विकतो आणि ते तसंच का करतो, हे तपासायचं असतं. त्याचे दोन भाग. घरची तपासणी म्हणजे आपल्या वह्या, माल, माणसं आणि कामाची पद्धत. बाजारची तपासणी म्हणजे ग्राहक, दुकानदार, दुसरे उत्पादक, नियम आणि हंगाम. घरची तपासणी आधी करा. घरी कोणते प्रश्न निघाले ते कळलं की बाजारात काय विचारायचं ते आपोआप ठरतं.

१. वर्ष कुठून कुठे मोजायचं ते ठरवा

ही आमची पहिली चूक, आणि जवळजवळ सगळेच ती करतात. आम्ही एप्रिल ते मार्च धरलं, कारण हिशेबाची वही तशी. पण रातांबा झाडावरून उतरतो एप्रिल-मे महिन्यात. आर्थिक वर्ष सुरू होतं ते नेमकं हंगामाच्या तोंडावर. एप्रिल-मे महिन्यात विकलेली बाटली गेल्या हंगामातली असते आणि त्याच महिन्यांतला खर्च नव्या मालाचा असतो. दोन्ही एकत्र आले की नफा कुठल्या मालावर झाला ते कळतच नाही.

म्हणून १ जून ते ३१ मे असं वर्ष धरा. पाऊस लागला की भरणी संपते, आणि त्या दिवशी घरात किती बाटल्या आहेत ती सुरुवातीची शिल्लक. आंबेवाल्यांनाही हेच वर्ष सोयीचं पडेल. काजूवाल्यांनी आपली बी कधी येते ते बघून ठरवावं.

तपासणीला वेळ काढायचा तर जुलै आणि ऑगस्ट. वाळवण नसतं, पर्यटक कमी असतात, माणसाला बसायला उसंत असते. गणपतीआधी घरची तपासणी आणि गणपतीनंतर बाजारची, म्हणजे दसऱ्यापर्यंत योजना कागदावर येते. त्यापुढे उशीर झाला तर बाटल्यांची ऑर्डर आणि प्रदर्शनाची जागा हातची जाते.

२. तपासणारा माणूस बाहेरचा आणा

मार्केटिंग ऑडिटच्या व्याख्येत चार अटी आहेत: सगळ्या बाजू बघणारं, क्रमाने केलेलं, स्वतंत्र माणसाने केलेलं आणि ठरावीक काळाने पुन्हा केलेलं. लहान धंद्यात तिसरी अट सगळ्यात अवघड. सल्लागाराला द्यायला पैसे नसतात आणि आपल्याला आपल्या धंद्यातलं खटकणं बंद झालेलं असतं.

आम्ही शेजारच्या गावातल्या काजूवाल्या भाऊंशी अदलाबदल केली. त्यांनी आमचं तपासायचं, आम्ही त्यांचं. त्यांना आमचे भाव आणि गिऱ्हाइकांची नावं कळली तरी आमचं नुकसान नव्हतं, कारण माल वेगळा. कोकमवाल्याने कोकमवाल्याकडे हे काम देऊ नये.

पहिल्याच दिवशी ते पडवीत बसले, वही बघितली आणि विचारलं, “वयनी, परत इलेलो माल खंय आसा?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. हायवेवरच्या दुकानांतून परत आलेल्या बाटल्या आम्ही मागच्या खोलीत ठेवत होतो आणि वहीत फक्त विकलेल्याच बाटल्या लिहीत होतो. खोली उघडली, मोजल्या, १८० निघाल्या. त्यातली एक त्यांनी उजेडात धरली. जे अमृत कोकम बाटलीत भरताना गडद लाल असतं, ते फिकट तपकिरी झालं होतं. चव जवळजवळ तीच, पण असा रंग बघून कोणी बाटली उचलणार नाही. सात वर्षांत हा प्रश्न घरातल्या कोणाला पडला नव्हता.

३. कागद गोळा करा

हे सगळं समोर असल्याशिवाय बसू नका. आठवणीवर सांगितलेला आकडा आम्ही नंतर तपासला तेव्हा बहुतेक वेळा जास्तच निघाला.

- बिलबुक आणि कच्ची वही, दोन्ही
- बँकेचं आणि यूपीआयचं वर्षभराचं विवरण
- कुरिअर आणि मालवाहतुकीच्या पावत्या
- दुकानांना दिलेल्या आणि परत आलेल्या मालाची नोंद (नसेल तर मोजून तयार करा)
- रातांबे, साखर, बाटल्या, झाकणं, लेबलं यांची खरेदीची बिलं आणि मजुरीची नोंद
- प्रदर्शनाचं भाडं, प्रवास, राहणं-जेवण यांचा खर्च
- व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरी आणि तक्रारी (मेसेज काढून टाकण्याआधी वहीत उतरवा)
- अन्न परवान्याची प्रत आणि सध्याचं लेबल

४. घरची तपासणी: प्रत्येक वाटेला शेवटी किती उरतं

सगळा माल एकदम तपासायला घेऊ नका. ज्याची विक्री सगळ्यात जास्त तो एक माल घ्या. आमचा तो अमृत कोकम, ७५० मिलीची बाटली. रातांबे, साखर, बाटली, झाकण, लेबल आणि मजुरी धरून ती आम्हाला ७८ रुपयांना पडते. स्वतःच्या बागेतले रातांबेही बाजारभावाने धरा. फुकट धरलेत तर सगळीच विक्री फायद्याची दिसते.

आता विक्रीच्या वाटा वेगळ्या करा. आमच्या चार होत्या.

मुंबईचे तीन दुकानदार ११५ रुपयांनी घेतात. वर्षात ३,००० बाटल्या. वाहतूक आणि फूटतूट मिळून बाटलीमागे १४ रुपये. उरतात २३ रुपये, एकूण ६९,०००.

हायवेवरची नऊ दुकानं १२५ रुपये देतात, पण विकली गेली तरच. दिल्या १,२००, विकल्या १,०२०. मिळाले १,२७,५००. सगळ्या १,२०० बाटल्यांचा उत्पादनखर्च ९३,६०० आणि पोचवण्याचा ६,०००. उरले २७,९००.

व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेऊन थेट घरी पाठवतो त्या ६०० बाटल्या, १८० रुपयांना. कुरिअर ग्राहक भरतो, पण खोका आणि आतलं पॅकिंग बाटलीमागे २२ रुपये आणि फुटलेल्याची भरपाई ५ रुपये. उरतात ७५ रुपये, एकूण ४५,०००.

मुंबईतली दोन प्रदर्शनं, ७०० बाटल्या, १८० रुपये. विक्री १,२६,००० झाली आणि आम्ही फार खूश होतो. उत्पादनखर्च ५४,६०० आणि स्टॉल, प्रवास, राहणं मिळून ५८,००० वजा केल्यावर उरले १३,४००.

एकूण विक्री ७,०६,५०० आणि उरलेली रक्कम १,५५,३००. थेट ग्राहकांची विक्री एकूण विक्रीच्या साधारण १५ टक्के, पण उरलेल्या पैशात त्यांचा वाटा २९ टक्के. आम्ही वर्षभर सगळ्यात कमी लक्ष याच वाटेकडे दिलं होतं.

इथेच एक मोठा सापळा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. हा तक्ता बघितल्यावर माझे दीर लगेच म्हणाले, “प्रदर्शनं बंद करा.” आकड्यांवरून ते बरोबरच वाटतं. पण भाऊंनी विचारलं, ही थेट घेणारी माणसं आली कुठून? थेट ग्राहक एकूण ७२ होते. एकेकाला मेसेज करून विचारलं की आमचं कोकम तुम्ही पहिल्यांदा कुठे चाखलंत. ४१ जणांनी प्रदर्शन सांगितलं, १८ जण पर्यटक म्हणून गावी आले होते, १३ जणांना ओळखीच्यांनी सांगितलं होतं. त्या ४१ जणांनी वर्षात ३४८ बाटल्या मागवल्या होत्या, म्हणजे २६,१०० रुपये तिथून उरले. त्यातले काही आधीच्या वर्षांच्या प्रदर्शनांतले असणार, त्यामुळे सगळं श्रेय यंदाच्या दोन प्रदर्शनांना देता येत नाही. तरी एवढं स्पष्ट झालं की आमच्यासाठी प्रदर्शन ही माल विकण्यापेक्षा ग्राहक मिळवण्याची जागा आहे. आणि तिथे आम्ही ग्राहकांचे फोन नंबर घेतच नव्हतो, फक्त आपलं कार्ड देत होतो.

तेव्हा वाटा वेगळ्या करून मोजा, पण निर्णय घेण्याआधी एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर माणसं जातात का ते नक्की बघा.

५. घरची तपासणी: पैसे कधी येतात आणि माल कुठे बिघडतो

‘उरलं किती’ याच्याइतकाच ‘आलं कधी’ हा प्रश्न महत्त्वाचा. मुंबईच्या बिलांच्या तारखा आणि बँकेत पैसे आल्याच्या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या. सरासरी ७५ दिवस निघाले. ३,४५,००० च्या विक्रीवर ७५ दिवस म्हणजे वर्षभर साधारण ७१,००० रुपये कायम दुसऱ्याच्या गल्ल्यात. मे महिन्यात आमचा हात का आखडतो, याचं उत्तर त्या एका रकान्यात होतं. तिघांतला एकच दुकानदार चार-चार महिने लावत होता, बाकी दोघे ठीक होते. सरासरी काढून थांबू नका, माणूसवार बघा.

मग परत आलेल्या १८० बाटल्या. प्रत्येक बाटलीवर बॅच आहे आणि कोणत्या दुकानाला कोणती बॅच गेली ते डिलिव्हरी चलनावर होतं. जुळवून बघितलं तर १४१ बाटल्या पाच दुकानांतल्या आणि उरलेल्या चार दुकानांतल्या फक्त ३९. माल दोन्हीकडे सारखाच, जवळपास ६०० बाटल्या. मग मी आणि नवरा एका दुपारी स्कूटरवरून नऊही दुकानं फिरून आलो. पाचही दुकानांची तोंडं पश्चिमेला होती आणि आमच्या बाटल्या दर्शनी फळीवर. तीन वाजल्यापासून ऊन थेट बाटल्यांवर. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो आणि उजेड आणि उष्णता दोन्हींनी तो जातो. तो पारदर्शक बाटलीत महिनाभर उन्हात ठेवला तर दुसरं काय होणार?

हे वहीतून कळलं नसतं. वहीने फक्त ‘कोणती दुकानं’ एवढं सांगितलं, ‘का’ ते जागेवर जाऊन बघावं लागलं. ऑडिटमध्ये एक दिवस तरी आपला माल जिथे जिथे ठेवला जातो तिथे जाण्यासाठी राखून ठेवा, आणि ज्या वेळी तो विकला जातो त्याच वेळी जा. सकाळी गेलो असतो तर तिथे सावली होती.

६. बाजारची तपासणी: ग्राहक

बारा फोन पुरतात, पण निवड नीट करा. आम्ही सहा परत परत मागवणारे आणि सहा एकदाच घेऊन थांबलेले निवडले. थांबलेल्यांना फोन करायला संकोच वाटतो, पण खरी माहिती त्यांच्याकडूनच मिळते. गणपतीत आलेल्या चाकरमान्यांना विचारून ही तपासणी झाली असं मानू नका. आपली माणसं प्रेमाने बोलतात, आणि त्यांना पिशवी भरून आपण तशीच दिलेली असते.

प्रश्नही जपून विचारा. “आवडलं का?” विचारलं तर सगळे “हो” म्हणतात. आम्ही तीन गोष्टी विचारल्या. शेवटची बाटली कधी संपली? ती संपल्यावर काय केलंत? आणि सध्या घरात सरबताचं काय आहे? माणसाने खरोखर काय केलं ते विचारायचं, काय वाटतं ते नाही.

थांबलेल्या सहांपैकी चौघांनी एकच अडचण सांगितली. आम्ही सहा बाटल्यांच्या खोक्याखाली पाठवत नव्हतो. दोन माणसांच्या घरात सहा बाटल्या संपत नाहीत, आणि कुरिअरही जड पडतं. दादरच्या एका काकू म्हणाल्या, “अहो, तीन पाठवल्या असत्यात तर मी वर्षातून तीनदा घेतल्या असत्या.” मुंबईच्या घरात सहा काचेच्या बाटल्या ठेवायला जागा कुठे असते, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट अनपेक्षित होती. बारांपैकी पाच घरांत साखरेचं पथ्य आलं होतं, म्हणून अमृत कोकम मागे पडलं. त्यांतल्या तिघांना आगळात साखर नसते हे ठाऊकच नव्हतं. आमच्या आगळाच्या लेबलावर नुसतं ‘कोकम आगळ’ लिहिलेलं होतं. नारळाच्या दुधात घालून सोलकढी होते, किंवा पाण्यात जिरेपूड आणि चवीपुरती साखर घालून सरबत होतं, याबद्दल एक ओळ नव्हती. आगळात मीठ असतं, तेही सांगायला हवं, कारण रक्तदाबाचं पथ्य असणाऱ्याला ते महत्त्वाचं आहे.

७. बाजारची तपासणी: इतर माल, दुकानदार, नियम

इतर चार उत्पादकांच्या बाटल्या विकत आणा आणि त्यांत आपली ठेवा. लेबलं कागदाने झाका, पेल्यात समान प्रमाणात पाणी घालून घरातल्यांना चाखायला द्या, मग कागद काढा. आमची बाटली पाचांत दुसरी आली. पहिली आलेली बाटली आमच्यापेक्षा कमी गोड होती.

भावाची तुलना करताना फक्त एमआरपी बघू नका. शेजारची १५० रुपयांची बाटली आम्हाला फार स्वस्त वाटायची. ती ७०० मिलीची निघाली. १०० मिलीला तिचे २१ रुपये ४० पैसे आणि आमचे २४ रुपये. फरक आहे, पण आम्ही समजत होतो तेवढा नाही. मागचं लेबलही वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे साखर पहिली की कोकम पहिलं, आणि वरून रंग घातला आहे का, ते तिथेच कळतं. आमच्या लेबलावरही साखरच पहिली आहे. अमृत कोकमात ती असणारच. पण ‘आरोग्यदायी’ असं मोठ्या अक्षरात छापायचा आमचा विचार तिथेच सोडून दिला.

दुकानदारांशी बोलताना एक प्रश्न विचारा: गिऱ्हाईक तुमच्याकडे येऊन नेमकं काय म्हणून मागतं? हायवेवर लोक ‘कोकम सरबत’ म्हणतात, ‘अमृत कोकम’ फार थोडे म्हणतात. आमच्या लेबलावर ‘अमृत कोकम’ मोठं आणि ‘सरबत’ कुठेच नव्हतं.

नियमांच्या बाबतीत एक गोष्ट तपासाच. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, २०१६ पासून. पण आपण या जिल्ह्यात कोकम करतो एवढ्याने ते चिन्ह बाटलीवर छापता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावाने नोंदणी करावी लागते. नोंदणीआधी लेबलं छापून घेतलीत तर ती वाया जातात. हवामानाची नोंदही इथेच करून ठेवा. मे महिन्यात वळवाचे पाऊस लवकर सुरू झाले तर झाडावरचा रातांबा खराब होतो आणि सोलं वाळत नाहीत. किती मालाचं वचन आधी द्यायचं, ते यावर ठरतं.

८. निष्कर्षाचा कागद: चार रकाने

एवढं झाल्यावर तुमच्याकडे तीस-चाळीस नोंदी असतील. बहुतेक लोक इथे बलस्थानं, उणिवा, संधी, धोके असा चौकोन काढतात आणि ‘बलस्थान’ म्हणून ‘शुद्धता’ लिहितात. आम्हीही लिहिलं होतं. भाऊंनी ते खोडलं. म्हणाले, कोकणात प्रत्येकजण हेच लिहितो. ग्राहक ज्याच्यासाठी जास्त पैसे देतो किंवा परत येतो, तेच बलस्थान.

त्याऐवजी चार रकाने करा: काय आढळलं, पुरावा काय, कारण काय, आणि यामुळे कोणता निर्णय बदलतो. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद योजनेत जाऊ देऊ नका. आमच्या चौतीस नोंदींतून या पाच उरल्या.

परत येणारा हायवेचा माल: १८० बाटल्या, १४१ पाच दुकानांतून, कारण पश्चिमेचं ऊन. निर्णय: कोणत्या दुकानांना द्यायचं.

अडकलेले पैसे: ७५ दिवस, मुख्यतः एक दुकानदार. निर्णय: उधारीची अट.

प्रदर्शनातून ग्राहक मिळतात, पण नंबर घेतले जात नाहीत: ७२ पैकी ४१. निर्णय: स्टॉलवर काय काम करायचं.

सहाचा खोका मोठा पडतो: सहापैकी चार फोन. निर्णय: पॅकिंग.

साखर नको असलेल्यांना आगळात साखर नसते हे माहीत नाही: बारापैकी पाच घरांत पथ्य, त्यांतल्या तिघांना माहीत नाही. निर्णय: आगळाचं लेबल आणि छोटी बाटली.

पुरावा किती भक्कम आहे ते इथे मनाशी ठरवा. पहिल्या नोंदीला १८० मोजलेल्या बाटल्या आहेत, शेवटच्या नोंदीला पाच फोन. म्हणून पहिल्यावर पूर्ण निर्णय घेतला आणि शेवटच्यावर फक्त छोटा प्रयोग.

९. निष्कर्षातून योजना लिहा

योजनेची प्रत्येक ओळ वरच्या कागदातल्या एखाद्या नोंदीला जोडलेली हवी, आणि तिच्यात आकडा, तारीख आणि माणसाचं नाव हवं. ‘ऑनलाइन विक्री वाढवणे’ ही योजना नाही. आमचं पान असं झालं.

हायवेची पाच दुकानं बंद, चार ठेवायची. माल एकदम आठ खोकी न देता चारही दुकानांना मिळून दर तीन आठवड्यांनी तीन डझन. वर्षाला ६०० बाटल्या, परत येणाऱ्या ३० च्या आत. जबाबदारी नवऱ्याची. हिशेब करून बघितला: ५७० बाटल्या विकल्या तरी ७१,२५० मिळतात, त्यातून ४६,८०० उत्पादनाचे आणि ३,००० पोचवण्याचे वजा जाऊन २१,४५० उरतात. म्हणजे निम्म्या मालात फक्त साडेसहा हजार कमी, आणि ६०० बाटल्या मोकळ्या. बंद करण्याआधी पाचही दुकानदारांना आत सावलीत ठेवायची विनंती केली. ते म्हणाले, दर्शनी फळीवर नाही तर विकणार नाही. त्यांचंही बरोबर होतं.

मोकळ्या झालेल्यांतल्या ४०० बाटल्या थेट ग्राहकांसाठी, तीनच्या खोक्यात. छोट्या खोक्यामुळे पॅकिंग २२ वरून २६ वर जातं, बाटलीमागे ७५ ऐवजी ७१ उरतात. तरी २८,४०० होतात. जबाबदारी माझी. ऊन तापायच्या आधी, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्या जुन्या ग्राहकांना एकच मेसेज.

प्रदर्शनं दोनच, पण लक्ष्य विक्रीचं नाही: प्रत्येकी १०० फोन नंबर, चाखल्यानंतर वहीत लिहून घेतलेले, त्यांची परवानगी विचारून. स्टॉलवर एक माणूस फक्त याच कामाला, जाऊबाई.

मुंबईच्या उशीर करणाऱ्या दुकानदाराला आधीचं बिल आल्याशिवाय पुढचा माल नाही. त्यामुळे वर्षाला ४०० बाटल्या कमी जातील असं धरून ठेवलं.

आगळाच्या २०० मिलीच्या १५० बाटल्या, पाठीवर सोलकढीची कृती आणि ‘साखर नाही, मीठ आहे’ हे स्पष्ट. यापेक्षा जास्त भरायच्या नाहीत, कितीही मोह झाला तरी. अमृत कोकमाच्या लेबलावर ‘सरबत’ शब्द.

खर्चाला २४,००० रुपये बाजूला काढले: नवी लेबलं, तीनचे खोके, आगळाच्या छोट्या बाटल्या आणि चाखण्याचा माल. प्रदर्शनाचा खर्च यात धरलेला नाही, तो आधीप्रमाणेच वेगळा.

१०. दर दोन महिन्यांनी एक पान

ऑडिट वर्षातून एकदा पुरे, पण योजनेकडे दर दोन महिन्यांनी बघा. डावीकडे ठरलेला आकडा, उजवीकडे झालेला, आणि फरक मोठा असेल तर कारणाची एक ओळ.

जानेवारीच्या पानावर हायवेच्या रकान्यात २७० बाटल्या दिल्या, ९ परत असं आलं. प्रदर्शनांत मिळून २३० नंबर मिळाले. आगळाच्या छोट्या बाटल्या ११८ गेल्या होत्या आणि आम्हाला वाटलं, अंदाज बरोबर निघाला. कोणी घेतल्या ते बघितलं तर साखरेचं पथ्य असलेल्या मुंबईच्या घरांत फक्त ३५ गेल्या होत्या. ८३ बाटल्या गावी आलेल्या पर्यटकांनी घेतल्या होत्या, कारण बॅगेत मावतात आणि सोलकढी इथे चाखून झालेली असते. माल बरोबर होता, पण तो कोणासाठी हे आम्ही चुकीचं लिहिलं होतं. उरलेल्या ३२ बाटल्या कुरिअरसाठी न ठेवता मालवणजवळच्या एका होमस्टेला दिल्या, योजनेतली ती ओळ खोडली, आणि पुढच्या ऑडिटच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं: होमस्टेवाल्यांशी बोलणे, किमान सहा.